टी-२० सामन्यातल्या एकूण षटकारांचा भाव कसा बांधायचा

प्रश्न: लेस्टरमध्ये एका परवानाधारक बुकमेकरकडे क्रिकेट ट्रेडिंग शिकतोय. ‘मॅचमधले एकूण सिक्स’ ही लाइन लावताना मी दोन्ही टीमची सरासरी घेतो, बॅटिंग डेप्थ, बाउंड्री आणि रनरेट बघून वर-खाली करतो. तरी लाइन सारखी चुकते. नक्की कुठे चुकतंय?

तुमच्या पद्धतीत मला तीन वेगवेगळ्या अडचणी दिसतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली, तुम्ही षटकार मोजताय पण चेंडू मोजत नाही. दुसरी, फलंदाजीची खोली, दोरीचे अंतर आणि धावगती हे तीन सुटे मसाले असल्यासारखे एकावर एक टाकताय, आणि त्यातला एक बाकीच्यांमध्ये आधीच मुरलेला असतो. तिसरी, सरासरी काढली की लाइन झाली असे धरताय. भाव सरासरीला लागत नाही, तो लाइनच्या वर किंवा खाली जाण्याच्या शक्यतेला लागतो. क्रमाने बघू.

त्याआधी दोन गोष्टी. बाजारात ‘ओव्हर’ म्हणजे लाइनच्या वर. क्रिकेटमध्ये ओव्हर म्हणजे षटक. घोळ नको म्हणून मी इथे ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणणार आहे. आणि हे उत्तर तुमच्या नोकरीच्या जागेपुरते आहे. भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे आकडेशास्त्र म्हणून वाचावे.

पाया किती धरायचा, हे आधी ठरवा. आयपीएलच्या २०१८ च्या हंगामात ६० सामन्यांत ८७२ षटकार लागले, म्हणजे सामन्याला साडेचौदा. २०२३ मध्ये ७४ सामन्यांत ११२४, म्हणजे पंधराच्या थोडे वर. २०२४ मध्ये प्रत्यक्ष खेळले गेलेले सामने ७१ आणि षटकार १२६०च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पावणेअठरा. एका वर्षात अडीच षटकारांचा फरक. तुम्ही डेप्थ आणि बाउंड्रीवर जितका विचार करता, त्यातून एकूण दीड-दोन षटकारच हलतात. पाया जुना असेल तर वरचे सगळे कोरीवकाम फुकट.

हंगाम सुरू झाला की पाया किती वेगाने हलवायचा? एका सामन्यातला फैलाव, म्हणजे प्रमाणित विचलन, साधारण साडेपाच षटकारांचा असतो (हा आकडा कुठून येतो ते पुढे सांगतो). त्यामुळे १५ सामन्यांची सरासरीसुद्धा दीडएक षटकार इकडेतिकडे असू शकते. मी जुन्या पायाला ३० सामन्यांचे वजन देतो. समजा पाया १६ होता आणि पहिल्या १५ सामन्यांची सरासरी साडेअठरा आली. नव्या माहितीला १५ भागिले ४५, म्हणजे एक तृतीयांश वजन. नवा पाया १६.८. पहिल्याच आठवड्यात साडेअठरावर उडी मारणारे आणि महिनाभर १६ ला चिकटून राहणारे, दोघेही मार खातात. ३० हा आकडा माझ्या सोयीचा आहे. नियम बदलले असतील, जसा २०२३ मध्ये इम्पॅक्ट प्लेअर आला, तर तो १५ वर आणा, म्हणजे नवी माहिती लवकर शिरेल.

आता चेंडू. एका डावात १२० वैध चेंडू असतात हे कागदावर. पहिला डाव कधी सर्वबाद होऊन आधी संपतो, दुसरा सर्वबाद होऊन किंवा लक्ष्य गाठून संपतो. गेलेले चेंडू नेहमी शेवटचे असतात आणि षटकार सर्वांत दाट तिथेच लागतात. मी उदाहरणासाठी असे दर धरतो: पॉवरप्लेमध्ये १६ चेंडूंना एक षटकार, सातव्या ते पंधराव्या षटकात १८ चेंडूंना एक, शेवटच्या पाच षटकांत १० चेंडूंना एक. पूर्ण डाव झाला तर ३६ चेंडूंचे सव्वादोन, ५४ चेंडूंचे तीन, ३० चेंडूंचे तीन, मिळून सव्वाआठ. पहिल्या डावात सरासरी अडीच चेंडू वाया जातात असे धरले तर पाव षटकार कमी, म्हणजे ८. दुसऱ्या डावात सरासरी दहा चेंडू कमी पडतात असे धरले तर जवळजवळ एक षटकार जातो, उरतात ७.३५. एकूण १५.३५. हा २०२३ च्या पातळीचा पाया झाला. दर माझे आहेत, तुमच्या स्पर्धेचे चेंडूनिहाय आकडे घेऊन तुम्ही तुमचे बसवा. मांडणी मात्र अशीच ठेवा, कारण पुढचे प्रत्येक फेरफार एकतर चेंडूंत जातात नाहीतर दरात जातात. कशात जातात हे न सांगता ‘डेप्थ आहे, एक वाढवा’ म्हणणे हीच तुमची पहिली चूक आहे.

फलंदाजीची खोली घेऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. अ संघाच्या पहिल्या डावाचे चेंडू असे वाटू: दोन सलामीवीर २० आणि २०, तिसरा १८, चौथा १७, पाचवा १४, सहावा ११, सातवा ८, आठवा ५, आणि उरलेले तिघे मिळून ४. एकूण ११७. आता प्रत्येकाचा दर लावा. पहिला सलामीवीर १३ चेंडूंना एक, दुसरा १६, तिसरा १६, चौथा १२, पाचवा १०, सहावा १२, सातवा १४, आठवा १५, शेपटाचे तिघे ३०. भागाकार करून बेरीज केली की ८.७ येतात. पायाच्या ८ पेक्षा पाऊण षटकार जास्त, आणि तो बहुतेक चौथ्या-पाचव्या-सहाव्यामुळे.

आता आठव्या क्रमांकावर १५ चेंडूंना एक मारणारा काढा आणि ३० चेंडूंना एक मारणारा साधा गोलंदाज घाला. पाच चेंडूंत त्याचा हिशेब ०.३३ वरून ०.१७ वर येतो. फरक एक षष्ठांश षटकार. म्हणजे ‘आठव्या नंबरपर्यंत बॅटिंग आहे’ म्हणून लाइन पूर्ण एकने उचलणे चूक. पण खोलीचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. मागे माणूस आहे हे माहीत असल्याने वरचे सातजण विकेटची भीती कमी बाळगतात. त्यांच्या दरात मी ४ टक्के धरतो, म्हणजे ०.३३. शिवाय लवकर सर्वबाद होण्याची शक्यता घटते. ती समजा २० टक्क्यांवरून १२ वर आली आणि सर्वबाद होताना सरासरी १५ चेंडू वाया जात असतील, तर ८ टक्के गुणिले १५ चेंडू गुणिले चेंडूला एक दशांश, म्हणजे ०.१२. तिन्ही मिळून डावाला सहा दशांशच्या आसपास. म्हणजे आठवा फलंदाज साध्या गोलंदाजापेक्षा स्वतः जितके जास्त मारतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट षटकार तो डगआउटमध्ये बसून लावून घेतो. हे एकदा डोक्यात बसले की इम्पॅक्ट प्लेअरचा परिणामही नीट कळतो.

यात दोन सापळे. ज्या खेळाडूच्या दरात हे स्वातंत्र्य आधीच मुरलेले आहे, कारण तो दोन हंगाम याच संघातून खेळतोय, त्याला ते ४ टक्के पुन्हा देऊ नका. ते फक्त संघरचना बदलली तेव्हा. दुसरा सापळा लहान नमुन्याचा. एखाद्याने ९० चेंडूंत १२ षटकार मारले म्हणून त्याचा दर साडेसात चेंडूंना एक होत नाही. त्याच्या आकड्यांत त्याच क्रमांकाच्या फलंदाजांचे सरासरी दराने दोनशे-अडीचशे चेंडू मिसळा आणि मग दर काढा. बहुतेक ‘धोकादायक फिनिशर’ या एका पायरीवर निम्मे उरतात.

आता दोरी. प्रक्षेपणात किंवा संकेतस्थळावर मैदानाचा जो आकार दिसतो तो जवळजवळ निरुपयोगी समजा. आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळपट्टीच्या मध्यापासून दोरी किमान ६५ यार्ड, म्हणजे ५९.४३ मीटर, आणि जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे ८२.२९ मीटर असते. या मर्यादेत यजमानांना मोकळीक असते. आणि मैदानाच्या मधल्या चौकोनात खेळपट्टीसाठीच्या पट्ट्या अनेक असतात. प्रत्येक पट्टी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर रुंद. सामना मधल्या पट्टीपासून दोन पट्ट्या बाजूला ठेवला की एक बाजू ६ मीटरने जवळ येते आणि समोरची ६ मीटरने लांब जाते. सामन्याच्या दिवशी विचारायचा प्रश्न ‘मैदान केवढे’ हा नाही, ‘आज कोणती पट्टी’ हा आहे.

एक उदाहरण पूर्ण करू. दोन्ही बाजूंना मध्यापासून ६८ मीटर, हीच स्पर्धेची सरासरी धरू. समोर ७० मीटर, स्पर्धेची सरासरी ७२. सामना दोन पट्ट्या बाजूला आहे, म्हणून बाजू ६२ आणि ७४. सरासरी काढली तर पुन्हा ६८, आणि तुम्ही म्हणाल काही बदलले नाही. बदलले आहे. ६२ ते ७४ मीटरच्या टप्प्यात मी प्रत्येक मीटरला त्या दिशेचे षटकार अडीच टक्क्यांनी बदलतात असे धरतो. जवळच्या बाजूला सहा मीटरचा गुणक १.१६ येतो, लांबच्या बाजूला ०.८६. नुसती सरासरी १.०१. पण फलंदाज कुठे मारायचे ते निवडतो. गोलंदाज लांबच्या बाजूला मारायला लावतो हे खरे, तरी फटके अर्धे-अर्धे विभागत नाहीत. जवळच्या बाजूला ५८ आणि लांबच्या बाजूला ४२ टक्के धरले तर गुणक १.०३४ होतो. बाजूंनी साठ टक्के षटकार आणि समोर चाळीस टक्के असे समजा. समोर दोन मीटर कमी असल्याने तिथला गुणक १.०५. साठ टक्के गुणिले १.०३४ अधिक चाळीस टक्के गुणिले १.०५, म्हणजे १.०४. आजच्या पट्टीमुळे षटकार चार टक्क्यांनी वाढतात. सोळाच्या लाइनवर सहा दशांश. मोठे नाही, पण लाइन १५.५ ठेवायची की १६.५ हे ठरवायला पुरेसे.

याच जागी डावखुरे आणि उजवे तपासा. उजव्या फलंदाजाला एका टोकाकडून जवळची बाजू लेगला मिळते, दुसऱ्या टोकाकडून ऑफला. मिडविकेटवरून मारणे सोपे असल्याने जवळची बाजू लेगला असलेले षटक तो निवडून मारतो. जोडीत एक डावखुरा असला की प्रत्येक टोकाकडून दोघांपैकी एकाला ती सोय मिळते, आणि फिरकीपटूला तोंड लपवायला जागा राहत नाही. दोन्ही उजवे असतील तर कर्णधार आपला डावखुरा फिरकीपटू बरोबर त्या टोकाकडून आणतो जिथे लेगची बाजू लांब आहे. ही निवड ५८ चे ५४ करते किंवा ६२ करते. मी हे नाणेफेकीनंतर, अकरा जणांची यादी हातात आल्यावर ठरवतो. त्याआधी नाही.

दोरीच्या बाबतीत मोजणी दुबार होण्याची भीती मोठी आहे. चिन्नास्वामीवर षटकार जास्त लागतात, कारण मैदान लहान आहे, आणि बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने हवा विरळ आहे, चेंडू लांब जातो. तुम्ही ‘चिन्नास्वामीचा गुणक’ म्हणून जुन्या सामन्यांवरून आकडा काढलात, तर लहान दोरी त्यात आलीच. वर पुन्हा ‘बाउंड्री लहान’ म्हणून वाढवलेत तर एकच गोष्ट दोनदा विकली. आणि त्या मैदानावर निम्मे सामने खेळणाऱ्या फलंदाजाच्या दरातही ती तिसऱ्यांदा बसलेली असते. आधी फलंदाजाचा दर मैदानापासून सोडवा, मग आजच्या मैदानाचा गुणक लावा. मैदानाचा जुना गुणक वापरलात तर दोरीत फक्त आजच्या पट्टीमुळे नेहमीपेक्षा झालेला फरक मोजा. आणि टीव्हीवर ‘९८ मीटरचा सिक्स’ दाखवतात ते अंतर अंदाजे काढलेले असते. चेंडू स्टँडला लागला नसता तर कुठे पडला असता त्याचे. त्यावरून दोरीचा हिशेब करू नका.

ब संघाचा दुसरा डाव आता पटकन. त्यांचे फलंदाज पायापेक्षा ३ टक्के कमी, आणि अ ची गोलंदाजी सरासरीपेक्षा चांगली म्हणून ५ टक्के कमी. ७.३५ गुणिले ०.९७ गुणिले ०.९५ गुणिले १.०४, म्हणजे ७.०४. पहिला डाव ८.७ गुणिले १.०४, म्हणजे ९.०५ (ब ची गोलंदाजी सरासरी धरली आहे). बेरीज १६.१. पुढे १६ धरू.

धावगती कुठे गेली, असे विचाराल. ती मुद्दाम बाजूला ठेवली होती. धावगती वेगळा मसाला नाही. चांगले फलंदाज आणि जवळची दोरी यांमुळेच ती वाढते. तिने पुन्हा गुणलेत तर तुम्ही १६ चे १८ कराल, आणि चुकाल. तिचा खरा उपयोग तपासणीला. एकूण धावांची लाइन बाजारात आधीच असते आणि तिच्यावर पैसा जास्त खेळतो, म्हणून ती सहसा शहाणी असते. समजा ती ३५० आहे. १६ षटकारांच्या ९६ धावा. ९६ भागिले ३५०, म्हणजे २७ टक्के. मध्यम मैदानासाठी हे ठीक बसते. लांब दोरी आणि वेगवान आउटफील्ड असलेल्या जागी धावा चौकारांनी आणि दोन-दोन पळून होतात, तिथे हा वाटा वीस-बावीसपर्यंत उतरतो. लहान मैदानावर तिशीच्या वर जातो. तुमचा आकडा ३५ टक्के देत असेल तर एकतर तुमचे षटकार फुगलेत किंवा धावांची लाइन खाली आहे, आणि बहुतेक वेळा पहिले खरे असते.

वाटा सगळीकडे एकच धरणेही चूक. हैदराबादला २७ मार्च २०२४ रोजी सनरायझर्सनी २७७ आणि मुंबईने २४६ केले, एकूण ५२३, षटकार ३८. ईडन गार्डन्सवर २६ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याने २६१ आणि पंजाबने ८ चेंडू राखून २६२ केले, एकूण पुन्हा नेमके ५२३, षटकार ४२. धावा तेवढ्याच, षटकार चार जास्त, आणि तेही कमी चेंडूंत. पहिल्यात वाटा ४४ टक्के, दुसऱ्यात ४८. धावगती जसजशी चढते तसा षटकारांचा वाटाही चढतो, कारण ठरावीक चेंडूंत धावा वाढवायला चौकाराच्या पुढे दुसरा रस्ता नसतो. म्हणून एकूण धावांची लाइन २० ने हलली की षटकार धावांच्या प्रमाणात हलवू नका, थोडे जास्त हलवा. ३५० च्या ३७० झाल्या, म्हणजे धावा पावणेसहा टक्क्यांनी वाढल्या, तर मी षटकार आठ-नऊ टक्के वाढवतो.

आता तुमची तिसरी अडचण. सरासरी १६ आहे, मग लाइन १५.५ ठेवून वरचा भाव कमी द्यायचा का? पुस्तकातले पॉइसाँ वितरण वापरलात तर १६ किंवा जास्त षटकारांची शक्यता ५३ टक्के येते. पण पॉइसाँचा फैलाव इथे तोकडा पडतो. खेळपट्टी कशी निघेल हे आधी माहीत नसते आणि ती दोन्ही डावांना सारखीच लागते; जम बसलेला एकच फलंदाज एकट्याने दहा मारतो. गेलने २३ एप्रिल २०१३ रोजी नाबाद १७५ करताना एकट्याने १७ मारले होते. असे दिवस सरासरी फारशी हलवत नाहीत, पण दोन्ही टोके जाड करतात. म्हणून ऋण द्विपद वितरण घ्या. त्यात सरासरीबरोबर एक फैलावाचा आकडा k असतो. विचरण म्हणजे सरासरी अधिक सरासरीचा वर्ग भागिले k. k = २० धरला तर १६ च्या सरासरीला विचरण २८.८, त्याचे वर्गमूळ म्हणजे फैलाव ५.४. मघाशी साडेपाच म्हटले ते हेच. पायथनमध्ये:

```python
from scipy.stats import nbinom
m, k = 16, 20
p = k / (k + m)
print(nbinom.sf(15, k, p))  # 0.505
print(nbinom.sf(20, k, p))  # 0.193
print(nbinom.cdf(10, k, p)) # 0.149
```

१६ किंवा जास्तीची शक्यता ५०.५ टक्के. पॉइसाँच्या ५३ पेक्षा अडीच टक्के कमी. एवढ्यात तुमचा निम्मा नफा जातो. टोकाला फरक आणखी मोठा: २१ किंवा जास्त षटकार पॉइसाँ १३ टक्के म्हणतो, हे वितरण १९, दहा किंवा कमी पॉइसाँ पावणेआठ, हे पंधरा. म्हणजे पर्यायी लाइनवर, २०.५ च्या वर किंवा १०.५ च्या खाली, पॉइसाँने लावलेले भाव तुमच्या ग्राहकाला भेट दिल्यासारखे होतात. त्या लाइन्सवर सतत नुकसान आणि मधल्या लाइनवर बरोबरी असा नमुना दिसला, तर सरासरीला हात लावू नका, k तपासा.

५०.५ ला नफ्याशिवायचा भाव वर १.९८, खाली २.०२. पावणेपाच टक्के नफा घालून १.८९ आणि १.९३ लावा. ग्राहकांना ‘वर’ खेळायला आवडते, म्हणून बरेच जण वरचा भाव आणखी दाबतात. मुख्य लाइनवर ते चालते. शहाणा पैसा मात्र खालच्या बाजूने येतो हे विसरू नका.

खालची बाजू दुसऱ्या डावातून येते. पहिला संघ १२५ मध्ये आटोपला तर समोरचा पंधराव्या-सोळाव्या षटकात सामना संपवतो आणि शेवटची दाट षटके होतच नाहीत. उलट पहिल्या संघाने डोंगर उभा केला तर दुसरा मारायला जाऊन कोसळू शकतो. वानखेडेवर २ फेब्रुवारी २०२५ रोजी भारताने २४७ केल्या, एकट्या अभिषेक शर्माने १३ षटकार मारले, आणि इंग्लंड १०.३ षटकांत ९७ वर सर्वबाद झाले. पहिला डाव संपताना ज्याने उरलेल्या डावासाठी पूर्ण २० षटकांचे षटकार धरले असतील त्याचे ५७ चेंडू कुठल्या कुठे गेले. म्हणून दुसऱ्या डावाची सरासरी पहिल्या डावानंतर नव्याने बांधा: लक्ष्य लहान असेल तर चेंडू कापा, अवाढव्य असेल तर दर वाढवा पण चेंडूही थोडे कापा. लक्ष्य २४८ असताना मी दर पंधराएक टक्के वाढवतो आणि चेंडू ११० ऐवजी १०५ च्या आसपास धरतो. मध्यम-मोठ्या लक्ष्यावर, १८० ते २१० दरम्यान, बहुधा शेवटच्या षटकापर्यंत झुंज चालते.

चालू सामन्यात हाच k कामाला येतो. पॉवरप्लेमध्ये अडीच षटकार अपेक्षित होते, आले ५. घाबरट माणूस सगळ्या सामन्याचा दर दुप्पट करून लाइन तिशीत नेतो. तसे करू नका. k मध्ये आलेले मिळवा आणि k मध्ये अपेक्षित मिळवून त्याने भागा: २५ भागिले २२.५, म्हणजे १.११. उरलेले अपेक्षित १३.५ होते, ते १५ झाले. आलेले ५ धरून नवी सरासरी २०. त्यातही ते पाच एकाच जमलेल्या फलंदाजाने मारले असतील तर १.११ मधला काही भाग त्या डावापुरता आहे, खेळपट्टीचा नाही. मी दुसऱ्या डावाला १.०६ च लावतो. आणि या सहा षटकांत तीन विकेट पडल्या असतील तर मधल्या षटकांचा दर आधी खाली आणा, मगच हा गुणक लावा.

निकालाच्या नियमांकडे एकदा नजर टाका, कारण सर्वांत खर्चिक वाद तिथे होतात. नो-बॉलवर मारलेला षटकार मोजला जातो. क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून चेंडू टप्पा न पडता दोरीपार गेला तरी षटकारच. पण दोन धावा पळून वर ओव्हरथ्रोचे चार मिळाले तर फलंदाजाच्या खात्यात सहा धावा जातात, षटकार जात नाही. धावफलकावरून आपोआप वाचणारी यंत्रणा इथे फसते. सुपर ओव्हरचे षटकार सामान्यतः धरत नाहीत, पण तुमच्या बुकमेकरचा नियम लेखी बघा. पावसाने षटके कमी झाली तर पैसे परत की लाइन कायम, हेही. डकवर्थ-लुईसने पाच षटकांतही निकाल लागतो, आणि तुमच्या नियमात लाइन कायम राहत असेल, तर ढगाळ दिवशी सरासरीतून पावसाचा वाटा आधीच वजा करावा लागतो. वीस टक्के शक्यता असेल की सामना १२ षटकांचा होईल, तर १६ चे पंधराच्या आत येतात, कारण १२ षटकांच्या सामन्यात हात लवकर सुटतो तरी षटकार दहा-अकराच्या पुढे जात नाहीत.

पुढच्या दहा सामन्यांत प्रत्येक सामन्यानंतर एकूण षटकारांऐवजी तीन रकाने लिहा: अपेक्षित चेंडू आणि झालेले चेंडू, टप्प्यानुसार अपेक्षित दर आणि आलेला दर, आणि सामन्याआधी कोणती पट्टी धरली होती. लाइन चुकली तरी चूक कोणत्या रकान्यात आहे ते दिसेल. माझा अंदाज, तुमची बहुतेक चूक पहिल्या रकान्यात निघेल, दुसऱ्या डावाच्या चेंडूंत.